आईचा मधुमेह मुलीच्या खात्यात

पुण्यातल्या एका शिक्षिकेचं उदाहरण घेऊ. आईचा रक्ताचा रिपोर्ट आला त्या रात्री तिनं मोबाइलवरच्या एआय चॅटबॉटला विचारलं, ‘एचबीएवनसी 8.2 आलंय, मेटफॉर्मिन 500 चालू आहे, जेवणात काय बदल करू?’ उत्तर मिळालं, विषय संपला. पुढे आरोग्यविम्याच्या अर्जासोबत द्यायचं पत्र तिनं त्याच चॅटबॉटकडून लिहून घेतलं. त्यात दुसऱ्याच ओळीत आलं, ‘मला टाइप 2 मधुमेह आहे.’ पत्र न वाचता पाठवलं असतं तर नसलेल्या आजारापायी हप्ता वाढला असता किंवा अर्जच अडकला असता.

रिपोर्ट कुणाचा हे तिनं लिहिलं नव्हतं आणि चॅटबॉटनंही विचारलं नव्हतं. मेमरीची सोय चालू असली, की गप्पांमधून महत्त्वाचं वाटेल ते निवडून त्याचं छोटं टिपण केलं जातं. सेटिंग्जमधल्या यादीत तिला ते सापडलं: "User has type 2 diabetes." नवी चॅट उघडली की अशी टिपणं प्रश्नाच्या जोडीला चॅटबॉटपुढे ठेवली जातात. म्हणून उपवासाचे पदार्थ विचारले तरी साबुदाण्याबद्दल इशारा येतो, आणि तो का आला हे लक्षातही येत नाही.

असं काही दिसलं की पहिली ऊर्मी ते पुसून टाकण्याची होते. जरा थांबावं. पुसलं की पुरावाही गेला. आधी टिपणाचा स्क्रीनशॉट घ्यावा, तारीख-वेळ लिहून ठेवावी, ते ज्या चॅटमधून आलं ती शोधावी. मग पुसावं. इथंच बहुतेकांची फसगत होते, कारण कित्येक सेवांमध्ये टिपण एका जागी असतं आणि मूळ संभाषण दुसऱ्या. चॅट काढून टाकली तरी टिपण राहतं. टिपण पुसलं, पण जुन्या गप्पांचा संदर्भ घेण्याची सोय चालू ठेवली, तर तीच चूक मागच्या दारानं परत येऊ शकते. नुसतं ‘मला मधुमेह नाही’ असं चॅटबॉटला सांगणंही पुरेसं नसतं. कधी जुनं टिपण तसंच राहतं आणि शेजारी नवं बसतं.

जे आपल्याला दिसत नाही, त्यासाठी मेल. अशा मेलमध्ये मनस्तापाचं वर्णन लांबतं आणि मागणी शेवटच्या ओळीत हरवते. मग आभार मानणारं छापील उत्तर येतं. शिक्षिकेचा मेल असा असावा:

‘विषय: मेमरीत माझ्या आरोग्याची चुकीची नोंद, दुरुस्तीची मागणी. माझ्या खात्यात "User has type 2 diabetes." अशी नोंद होती. मला मधुमेह नाही. मी घरातल्या दुसऱ्या व्यक्तीबद्दल विचारलं होतं. या नोंदीमुळे विम्याच्या पत्राच्या मसुद्यात चुकीचं विधान आलं. नोंद आणि मूळ चॅट मी पुसली आहे. स्क्रीनशॉट सोबत आहे. ही माहिती माझ्याबद्दलच्या इतर कोणत्याही सारांशात किंवा प्रोफाइलमध्ये असल्यास तिथूनही काढावी. बॅकअपमधून ती केव्हा जाईल आणि मॉडेलच्या प्रशिक्षणासाठी वापरली गेली आहे का, हे लेखी कळवावं.’

एवढं पुरे. आईचं नाव, तिचा रिपोर्ट, औषधांची यादी यांतलं काहीही जोडू नये. चुकीची नोंद काढायला सांगताना खरी खासगी माहिती नव्यानं कंपनीच्या हाती देणं हा उलटा व्यवहार झाला.

मेल ग्राहकसेवेच्या पत्त्याबरोबर गोपनीयता धोरणात दिलेल्या तक्रार अधिकाऱ्यालाही पाठवावा. भारतातल्या कंपन्यांसाठीच्या 2011च्या नियमांत आरोग्याची माहिती ‘संवेदनशील’ धरली आहे. त्यात चूक दुरुस्त करून घेण्याची तरतूद आहे आणि तक्रार निवारणाला एक महिन्याची मुदत. परदेशी कंपनीला हे नियम लावणं सोपं नाही, आणि सगळ्यात मोठी अडचण तिथंच आहे. 2023च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानं दुरुस्तीचा आणि पुसून घेण्याचा हक्क दिला; पण नियम आले नोव्हेंबर 2025मध्ये, आणि हे हक्क अमलात यायला त्यानंतर 18 महिन्यांचा अवधी ठेवला आहे. आरोग्याच्या बाबतीत ही वाट फार लांबची आहे. युरोपात राहणाऱ्या मराठी माणसाला मात्र तिथल्या जीडीपीआरच्या 16व्या कलमाचा हवाला आजच देता येतो. त्यावर साधारणपणे महिन्याभरात उत्तर द्यावं लागतं.

‘नोंद काढली’ असं उत्तर आलं की तपासणी आपणच करावी. मेमरी चालू ठेवून नवी चॅट उघडायची आणि आजाराचा उल्लेख न करता आठवड्याच्या जेवणाचा बेत मागायचा. एकदा नाही, काही दिवसांच्या अंतरानं दोन-तीनदा. साखर जपायचा सल्ला विनाकारण आला, तर त्याचा स्क्रीनशॉट त्याच तक्रार क्रमांकावर पाठवायचा; नवी तक्रार केली तर मागचा पत्रव्यवहार सुटा पडतो.