गृहकर्जासाठी बँकेची वेळ मागताना

गृहकर्जाचा अर्ज आणि कर्जाबाबत भेटीची वेळ मागणारे पत्र या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अर्ज बँकेच्या छापील किंवा ऑनलाइन नमुन्यात भरला जातो. त्यावर सही करताना अर्जदार आपला पतइतिहास तपासण्याची संमती देतो आणि त्या तपासणीची नोंद सिबिलसारख्या संस्थेच्या अहवालात होते. थोड्या दिवसांत चार-पाच बँकांकडे अर्ज गेले, तर अशा नोंदींमुळे गुणांक काहीसा घसरू शकतो. वेळ मागणाऱ्या पत्राने यातले काहीच घडत नाही. म्हणूनच जुना, म्हणजे पुनर्विक्रीचा फ्लॅट घेणाऱ्याने हे पत्र विक्रेत्याला विसार देण्यापूर्वी लिहावे. एकदा विसारपावती झाली की उरलेली रक्कम देण्याची मुदत सुरू होते. मग कागदपत्रांतली एखादी उणीव बँकेत कळली, तर ती दूर करण्यासाठी हाती दिवस उरत नाहीत.

उदाहरण म्हणून नाशिकमधल्या एका कुटुंबाचा विचार करता येईल. पती खासगी कंपनीत नोकरीला असून हातात येणारा पगार दरमहा ६२ हजार रुपये आहे. पत्नी सहअर्जदार राहणार आहे, पण तिचे स्वतःचे उत्पन्न नाही. सोसायटीतल्या फ्लॅटची ठरलेली किंमत ४२ लाख रुपये असून ३२ लाखांचे कर्ज हवे आहे. दुचाकीच्या कर्जाचा ३,२०० रुपयांचा हप्ता चालू आहे. अशा कुटुंबाचे पत्र असे असू शकते :

प्रति,
मा. शाखा व्यवस्थापक,
(बँकेचे व शाखेचे नाव)

विषय : पुनर्विक्रीच्या फ्लॅटसाठी गृहकर्जाबाबत भेटीची वेळ मिळण्याबाबत.

महोदय/महोदया,
आपल्या शाखेत माझे बचत खाते आहे. नाशिक शहरातील सहकारी गृहनिर्माण सोसायटीतील एक फ्लॅट ४२ लाख रुपयांना घेण्याचा आमचा विचार असून, त्यासाठी २० वर्षे मुदतीचे सुमारे ३२ लाख रुपयांचे कर्ज हवे आहे. विसार अद्याप दिलेला नाही. आमची कर्जपात्रता आणि फ्लॅटच्या कागदपत्रांची पूर्तता याविषयी गृहकर्ज पाहणाऱ्या अधिकाऱ्यांशी चर्चा करायची आहे.
मंगळवार १४ जुलै किंवा गुरुवार १६ जुलै रोजी दुपारी ३ नंतर, अथवा शनिवार १८ जुलै रोजी सकाळी ११ वाजता आम्ही दोघे येऊ शकतो. यांपैकी सोयीची वेळ कळवावी, ही विनंती.
येताना दोघांचे ओळखीचे व पत्त्याचे पुरावे, ३ महिन्यांच्या पगारपावत्या, २ वर्षांचे फॉर्म १६, ६ महिन्यांचा खातेउतारा, चालू दुचाकी कर्जाचा उतारा आणि फ्लॅटच्या कागदपत्रांच्या छायाप्रती आणत आहोत. फ्लॅटचे भोगवटा प्रमाणपत्र विक्रेत्याकडून अजून मिळालेले नाही.
आपला विश्वासू,
(सही, नाव, भ्रमणध्वनी क्रमांक)

या पत्रातला सर्वांत उपयोगी भाग म्हणजे पहिल्या परिच्छेदातले आकडे. केवळ ‘कर्जाविषयी भेटायचे आहे’ एवढेच लिहिले, तर पत्र कोणाकडे पाठवायचे हेच शाखेत ठरत नाही. मोठ्या बँकांत गृहकर्जाची छाननी बहुधा शहरातल्या वेगळ्या केंद्रात होते आणि शाखेकडे प्राथमिक बोलणे व कागद स्वीकारणे एवढेच काम असते. किंमत, रक्कम, मुदत आणि फ्लॅटचा प्रकार कळला की अधिकाऱ्याला भेटीपूर्वीच ढोबळ हिशेब मांडता येतो. ३० लाखांपुढच्या आणि ७५ लाखांपर्यंतच्या गृहकर्जाला रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार मालमत्तेच्या किमतीच्या ८० टक्क्यांची मर्यादा आहे. ४२ लाखांचे ८० टक्के म्हणजे ३३ लाख ६० हजार, म्हणून ३२ लाखांची मागणी मर्यादेत बसते. मात्र करारातली किंमत आणि बँकेच्या मूल्यांकनकाराने काढलेली किंमत यांतली कमी असेल ती बँका सहसा धरतात. मूल्यांकन ३९ लाखांवर आले, तर मर्यादा ३१ लाख २० हजारांवर येते आणि ८० हजार रुपये अर्जदाराला स्वतः उभे करावे लागतात. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी या हिशेबात येत नाही. ती रक्कम वेगळी हाताशी हवी.

हप्त्याचाही हिशेब याच वेळी होतो. ८.५ टक्के व्याजाने ३२ लाखांचा २० वर्षांचा हप्ता सुमारे २७,८०० रुपये पडतो. त्यात दुचाकीचा हप्ता मिळवला की एकूण ३१ हजार, म्हणजे पगाराचा निम्मा भाग होतो. अनेक बँका साधारण याच्या आसपास हात आखडता घेतात. म्हणून चालू कर्जे पत्रात लपवू नयेत. ती अहवालात दिसतातच. दुचाकीचे थोडेच हप्ते उरले असतील, तर ते आधी फेडून टाकण्याचा सल्ला या भेटीतच मिळू शकतो.

दिवस सुचवताना शाखेचे कामाचे चक्र पाहावे. दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बँका बंद असतात. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पगार व निवृत्तिवेतनाची गर्दी असते, तर तिमाहीअखेर, विशेषतः मार्चअखेर, कर्ज विभागाला उसंत नसते. दोन-तीन नेमके दिवस तारखेसह द्यावेत. ‘कधीही चालेल’ असे लिहिले, की दिवस ठरवण्याचे काम पुन्हा शाखेवर पडते आणि उत्तर लांबते.

कागदपत्रांच्या बाबतीत पुनर्विक्रीचा फ्लॅट नव्यापेक्षा किचकट असतो. विक्रेत्याच्या नोंदणीकृत कराराची प्रत, सूची क्रमांक २, सोसायटीचे भाग प्रमाणपत्र, घरपट्टीची ताजी पावती आणि भोगवटा प्रमाणपत्र हे मुख्य कागद. फ्लॅट आधी दोन-तीन हातांतून गेला असेल, तर पहिल्या खरेदीपासूनचे सगळे करार लागतात. त्या साखळीतला एखादा करार हरवला असेल, तर बँकेच्या वकिलाचा शोध अहवाल तिथेच अडतो. विक्रेत्याचेच कर्ज फिटायचे असेल, तर मूळ कागद त्याच्या बँकेकडे असतात. ही गोष्ट पत्रात एका वाक्यात सांगावी, कारण त्यावरून पैसे देण्याची सारी पद्धत बदलते. जो कागद मिळालेला नाही तोही नमूद करावा, जसे वरच्या पत्रात भोगवटा प्रमाणपत्राविषयी लिहिले आहे. त्याशिवाय कर्ज मिळेल की नाही, हे बँकेगणिक बदलते आणि भेटीत विचारण्याचा खरा प्रश्न तोच असतो.

नावांतली तफावत घरीच तपासावी. आधारवर सासरचे नाव, पॅनवर माहेरचे आणि खात्यावर केवळ आद्याक्षरे, असे सहअर्जदार पत्नीच्या बाबतीत नेहमी आढळते. अशा वेळी विवाह नोंदणीचा दाखला सोबत ठेवावा.

पत्रासोबत मूळ कागद कधीही जोडू नयेत. मूळ कागद भेटीच्या वेळी केवळ पडताळणीसाठी दाखवावेत आणि लगेच परत घ्यावेत. पत्रात आधार किंवा पॅनचा क्रमांक लिहिण्याचीही गरज नाही. पत्र दोन प्रतींत नेऊन एका प्रतीवर तारखेसह शिक्का घ्यावा, किंवा शाखेच्या अधिकृत ईमेलवर पाठवावे. चार-पाच कामाच्या दिवसांत उत्तर आले नाही, तर शिक्क्याच्या प्रतीचा संदर्भ देऊन फोन करावा. भेटीत अर्ज लगेच भरण्याचा आग्रह झाला, तरी व्याजदर, प्रक्रिया शुल्क आणि लागणाऱ्या कागदांची यादी लेखी घेऊन घरी यावे, दुसऱ्या एखाद्या बँकेशी ती पडताळून पाहावी आणि मगच अर्जावर सही करावी.