आंबट किती, गोड किती: चेतातंतूंचा हिशेब

लिंबाला आंबट करणारे सायट्रिक आम्ल पाण्यात विरघळवून चाखायला दिले आणि नंतर त्याचे प्रमाण दुप्पट केले, तर पाणी दुप्पट आंबट लागत नाही. आंबटपणा दीडपटीपर्यंतही पोचत नाही. साखरेच्या पाण्यात मात्र गोडी दुपटीपेक्षा किंचित जास्तच वाढते. जीभ तीच, माणूसही तोच. मग हा फरक नेमका कुठे पडतो? जिभेवर, मेंदूकडे जाणाऱ्या चेतातंतूत, की थेट मेंदूत? याचे उत्तर शोधणाऱ्यांपैकी इंग्वे झॉटरमन या स्वीडिश शास्त्रज्ञाचे नाव या कहाणीत दोनदा येते, आणि दोन्ही वेळांमध्ये चाळीस वर्षांचे अंतर आहे.

पहिल्यांदा तो दिसतो केंब्रिजमध्ये, एडगर एड्रियनच्या प्रयोगशाळेत. तेव्हा एक कोडे सगळ्यांना छळत होते. चेतातंतूतून जाणारा विजेचा आवेग एकतर उठतो किंवा उठत नाही, अर्धामुर्धा कधीच नसतो, हे ठाऊक झाले होते. हलका स्पर्श असो की जोराचा चिमटा, त्याच तंतूतला प्रत्येक आवेग सारख्याच उंचीचा. मग मेंदूला जोर कळतो कसा?

एड्रियन आणि झॉटरमन यांनी बेडकाच्या छातीपासून कातडीकडे जाणारा एक लहानसा स्नायू घेतला. स्नायू किती ताणला गेला हे टिपणारी सूक्ष्म ज्ञानेंद्रिये त्यात मोजकीच असतात. स्नायूच्या पट्ट्या एकेक करून कापत ते अशा जागी पोचले, जिथे चेतेशी जोडलेले एकच ज्ञानेंद्रिय उरले. मग स्नायूला वजन टांगायचे आणि त्या एकाच तंतूत काय चालले आहे ते पाहायचे. आवेग इतके क्षीण, की व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरने ते मोठे करावे लागत. 1926 साली त्यांनी निकाल छापला. वजन वाढले तरी आवेगांची उंची तीच राहिली. वाढली ती दर सेकंदाला उठणाऱ्या आवेगांची संख्या. जोर मोजला जातो तो वारंवारतेत. याच वाटेवरच्या कामासाठी एड्रियनला 1932 चे नोबेल मिळाले, चार्ल्स शेरिंग्टनसोबत विभागून.

त्याच नोंदींत आणखी एक गोष्ट होती. वजन तसेच लटकत ठेवले, तरी आवेगांची गती हळूहळू उतरत जाते. अंगावरचा सदरा घातल्यानंतर थोड्याच वेळात जाणवेनासा होतो, त्यामागे ज्ञानेंद्रियाचे हे सरावणे मोठे कारण आहे.

पण आवेग सगळे सारखे, तर त्यांची संख्या ठरवतो कोण? ताणाचे विजेत रूपांतर होते त्या अगदी पहिल्या पायरीवर काहीतरी कमी-जास्त होणारे असायलाच हवे. ते बर्नार्ड कॅट्झ याने 1950 मध्ये बेडकाच्याच स्नायूत दाखवले. त्याने प्रोकेन हे बधिर करणारे औषध वापरून आवेग बंद पाडले. तरीही स्नायू ताणल्यावर तंतूच्या टोकाजवळ विजेचा एक मंद चढाव नोंदला जात राहिला. ताण थोडा तर चढाव थोडा, ताण मोठा तर चढाव मोठा. याला ग्राहक विभव म्हणतात. एरवी पेशीची आतली बाजू बाहेरच्या तुलनेत काही दशक मिलिव्होल्टनी ऋण असते. ताण बसला की पेशीच्या पापुद्र्यातल्या सूक्ष्म वाटा उघडतात, धन भाराचे कण आत शिरतात आणि हा फरक कमी होतो. हा चढाव दूर जात नाही. काही मिलिमीटरांतच विरतो. मात्र तो ठरावीक उंबरठ्याच्या वर गेला, तर तंतूत पूर्ण उंचीचा आवेग उठतो आणि न घटता पुढे धावतो. चढाव जितका उंच, तितका पुढचा आवेग लवकर. वाफ वाढली की कुकरच्या शिट्ट्या भराभर होतात, पण एकेक शिट्टी मोठी होत नाही, तसेच हे.

या पद्धतीला वरची मर्यादाही आहे. एक आवेग गेल्यावर साधारण मिलिसेकंदभर तंतू दुसरा उठवूच शकत नाही, त्यामुळे गती हवी तेवढी वाढवता येत नाही. जोर आणखी वाढला, तर आतापर्यंत गप्प असलेले, उंच उंबरठ्याचे शेजारचे तंतू कामाला लागतात. म्हणजे मेंदूला दोन आकडे मिळतात: एकेका तंतूची गती आणि जागे झालेल्या तंतूंची संख्या.

आता जाणिवेकडे वळू. लाइपझिगच्या अर्न्स्ट वेबरने एकोणिसाव्या शतकात वजने उचलायला देऊन पाहिले होते. फरक कळायला मूळ वजनाच्या ठरावीक हिश्शाइतकी, साधारण चाळिसाव्या भागाएवढी भर लागते, असे त्याला आढळले. गुस्टाव फेकनरने 1860 मध्ये त्यावरून नियम मांडला: उद्दीपन दर वेळी दुप्पट करत गेले, तर जाणीव दर वेळी सारख्याच पायरीने वाढते. शंभरएक वर्षे हा नियम टिकला. मग हार्वर्डच्या एस. एस. स्टीव्हन्सने सरळ माणसांनाच विचारले, ‘हा प्रकाश, हा आवाज तुम्हाला किती वाटतो? आकडा सांगा.’ आकड्यांतून निघाला तो घाताचा नियम, आणि प्रत्येक संवेदनेचा घातांक वेगळा. प्रकाशाचा साधारण एक तृतीयांश, म्हणजे उजेड आठपट केला तर तो दुप्पट वाटतो. विजेच्या झटक्याचा साडेतीनच्या आसपास; झटका दुप्पट केला तर तो अकरापट वाटतो. माझ्या मते हे मोजमाप थोडे जपूनच घ्यावे, कारण मोठे आकडे सांगण्याची सवय प्रत्येकाची वेगळी असते.

झॉटरमन दुसऱ्यांदा येतो तो इथे. जिभेच्या पुढच्या भागातली चव मेंदूकडे नेणारी चेता मध्यकर्णातून, पडद्याच्या मागून जाते. कानातले रिकिबीच्या आकाराचे हाड मोकळे करण्याच्या शस्त्रक्रियेत ती उघडी पडते. कानाचे शल्यचिकित्सक हर्मन डायमंट, गुन्नार बोर्ग (दम किती लागला हे आकड्याने सांगायची पट्टी फिजिओथेरपीत आजही वापरली जाते, तिचा जनक हाच) आणि झॉटरमन यांनी सहकाऱ्यासह ही संधी साधली. शस्त्रक्रियेआधी रुग्णांनी वेगवेगळ्या तीव्रतेची द्रावणे चाखून आकडे सांगितले. शस्त्रक्रियेच्या वेळी तीच द्रावणे जिभेवर सोडून चेतेतली एकूण हालचाल मोजली. 1967 मधल्या त्यांच्या निकालात सायट्रिक आम्लाचा घातांक सुमारे 0.5, साखरेचा सुमारे 1.1 होता, आणि चेतेचा आकडा व माणसाने सांगितलेला आकडा बऱ्यापैकी जुळत होते. 0.5 घातांकात आम्ल दुप्पट केल्यास आंबटपणा सुमारे 1.4 पट होतो, आणि दुप्पट आंबटपणासाठी आम्ल चौपट लागते. 1.1 घातांकात दुप्पट साखरेची गोडी सुमारे 2.1 पट होते. म्हणजे निदान चवीत हा फरक मेंदूपर्यंत पोचण्याआधीच पडलेला असतो.

रुग्ण मोजकेच होते, आणि मोजली होती ती संपूर्ण चेता, एकेक तंतू नव्हे. स्वीडनमध्येच पुढे जागेपणी माणसाच्या हातातल्या एकाच तंतूत सुईसारखे इलेक्ट्रोड बसवून नोंद घेता येऊ लागली. 1980 मध्ये निबेस्तॉल आणि व्हाल्बो यांनी तळहातावरच्या दाबाची तुलना केली. दाब वाढवत नेल्यावर तंतूची गती सुरुवातीला झपाट्याने वाढे आणि मग मंदावे. माणसे सांगत ते आकडे मात्र जवळपास सरळ रेषेत चढत. एका माणसाचा वक्र आणि त्याच्याच तंतूचा वक्र यांचा मेळ बसला नाही. त्यामुळे स्पर्शाच्या बाबतीत अनेक तंतूंचे गणित मेंदू कुठे आणि कसे जुळवतो, हे एका तंतूकडे पाहून सांगता येत नाही.