घड्याळात बोलताना आवाज का घुमतो?

आई कणीक मळत होती आणि मनगटावरच्या घड्याळात मावशीचा फोन आला. पिठाने भरलेल्या हातांनी मोबाइल कसा धरणार? म्हणून तिने बोटाच्या पेराने हिरवं बटण दाबलं. मावशीचं बोलणं फार बारीक ऐकू येत होतं. आईने मला आवाज वाढवायला सांगितलं, मी तो पार शेवटपर्यंत नेला. तेवढ्यात मावशी म्हणाली, "ताई, माझाच आवाज मला परत ऐकू येतोय गं." दोन मिनिटांनी दोघींनीही कंटाळून फोन ठेवला.

आवाज घुमतो तेव्हा आधी एवढंच बघायचं, की स्वतःचा आवाज परत ऐकू येतोय तो कुणाला. तो मावशीला ऐकू येत होता, म्हणजे गडबड आमच्या स्वयंपाकघरात होती. घड्याळाच्या स्पीकरमधून निघालेला मावशीचा आवाज त्याच घड्याळाचा माइक टिपत होता आणि तिच्याकडे परत पाठवत होता. उलट आईला आईचाच आवाज ऐकू आला असता, तर दोष मावशीच्या टोकाला असता आणि आम्ही इथे कितीही बटणं दाबली तरी फरक पडला नसता.

घड्याळात स्पीकर आणि माइक जेमतेम तीन-चार सेंटीमीटरवर असतात. स्पीकरला कोणता आवाज दिला आहे हे आतल्या सॉफ्टवेअरला ठाऊक असतं, त्यामुळे माइकने टिपलेल्या आवाजातून ते तेवढा भाग वजा करत राहतं. पण एवढासा स्पीकर पूर्ण आवाजात चालवला की तो फाटतो. मग दिलेला आवाज एक आणि बाहेर पडलेला दुसराच, अशी स्थिती होते आणि वजाबाकी चुकते. त्यात आमच्या भिंतींना टाइल्स, ओटा ग्रॅनाइटचा. आवाज तिथून आदळूनही माइककडे येतो. म्हणजे आवाज वाढवण्याचा माझा उपायच घुमण्याला खतपाणी घालत होता.

संध्याकाळी मावशीला पुन्हा फोन लावला. ओट्यावर काम करताना आईचं मनगट चेहऱ्यापासून साधारण 60 सेंटीमीटरवर असतं. तिला कोपर वाकवून घड्याळ 15 सेंटीमीटरवर आणायला सांगितलं. मोकळ्या जागेत अंतर निम्मं केलं की आवाजात सुमारे 6 डेसिबलची भर पडते, आणि इथे ते दोनदा निम्मं झालं होतं. खोलीत भिंतींमुळे फायदा थोडा कमी होतो, तरी फरक लगेच कळला. स्पीकर निम्म्यावर आणूनही आईला स्पष्ट ऐकू येत होतं. शिवाय आईचं बोलणंही आता माइकच्या जवळून जात होतं. मावशीकडचं घुमणं थांबलं.

इतकं करूनही आवाज बारीकच राहिला तर रिंगटोन ऐकून पाहावी. रिंगटोन खणखणीत आणि बोलणं तेवढं बारीक असेल, तर कॉलचा आवाज कमी ठेवलेला आहे. रिंगटोनचा आणि कॉलचा आवाज बहुधा वेगवेगळा ठरवलेला असतो, आणि कॉलचा आवाज बोलणं चालू असतानाच बदलावा लागतो. अ‍ॅपल वॉचवर तेव्हा बाजूची चक्री फिरवायची. साध्या ब्लूटूथ कॉलिंगच्या घड्याळांवर पडद्यावरचं चिन्ह असतं. अनेकदा मोबाइलची आवाजाची बटणंही चालतात. रिंगटोनसुद्धा दबलेली येत असेल, तर कडेची बारीक भोकं बघावीत. तिथे पीठ, घाम, साबण साचतो. कोरड्या, मऊ ब्रशने हलकेच झाडावं. टाचणी मात्र कधीच घालू नये, आतला पातळ पडदा फाटतो. घड्याळ भिजलं असेल तर पाणी सुकेपर्यंत आवाज दबलेलाच राहतो.

लांबलचक किंवा खासगी बोलणं असेल तर कॉल सरळ मोबाइलवर घ्यावा. त्यासाठी तो कापावा लागत नाही. ब्लूटूथ घड्याळ असेल तर मोबाइलच्या कॉलच्या पडद्यावर स्पीकरचं किंवा Audio असं लिहिलेलं बटण दाबायचं, घड्याळाच्या नावाऐवजी फोन निवडायचा आणि मोबाइल कानाला लावायचा. अ‍ॅपल वॉचवर बोलत असाल तर आयफोन उघडून वरची हिरवी खूण दाबायची. प्रत्येक कॉल आपोआप घड्याळावर जात असेल, तर मोबाइलच्या ब्लूटूथ सेटिंगमध्ये घड्याळाच्या नावापुढे कॉलसाठीचा पर्याय बंद करता येतो.

सिम नसलेल्या ब्लूटूथ घड्याळावर बोलत बोलत लांब गेलात, मध्ये दोन-तीन भिंती आल्या, की घड्याळ एकदम गप्प होतं. आईला वाटलं होतं, मावशीने फोन ठेवला. खरं तर कॉल बहुतेक वेळा चालूच असतो, फक्त आवाज मोबाइलकडे परत गेलेला असतो. आई गॅलरीतून आत आली, तेव्हा टेबलावरच्या मोबाइलमधून मावशी अजून "ताई? ऐकू येतंय का?" असं विचारत होती.