गाडी वडिलांच्या नावावर, विमा कुणाच्या?

साताऱ्यातलं एक घर डोळ्यांसमोर आणू. वडील 10 मार्चला गेले. स्कूटर त्यांच्या नावावर, तिचा विमा 2 मेपर्यंत. मुलगा रोज तिच्यावरूनच कामाला जातो, आणि नाव बदलायचं काम दिवस-कार्य उरकल्यावर बघू म्हणून मागे पडतं. मग मे उजाडतो.

गाडी वापरायला कायद्याची आडकाठी नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 मधला नियम 56 वारसाला तीन महिने गाडी वापरू देतो. अट एवढीच, की मालकाच्या मृत्यूची आणि आपण गाडी वापरणार असल्याची खबर 30 दिवसांत आरटीओला द्यायची. या घरासाठी ती मुदत 9 एप्रिलला संपते. नावावर करण्याचा अर्ज, म्हणजे नमुना 31, जूनच्या 10 तारखेच्या आत जायला हवा.

विम्याचा हिशेब मात्र वेगळा आहे. मालक गेल्यावर पॉलिसी लगेच रद्द होत नाही. ती तीन महिने किंवा स्वतःची मुदत संपेपर्यंत, यातलं जे आधी येईल तोवर चालते. म्हणजे इथे 2 मेपर्यंतच. बहुतेक घरांची चूक नेमकी इथे होते: मुलगा मोबाइलवरून वडिलांच्याच नावाने विमा भरून टाकतो. पैसे स्वीकारले जातात, पॉलिसीही येते. पुढे अपघात झाला, की पॉलिसी मृत माणसाच्या नावावर आहे हे दाव्याच्या वेळी उघड होतं आणि भरपाई अडते. त्यापेक्षा मुदत संपण्याआधीच मृत्यूचा दाखला आणि वारस असल्याचा पुरावा घेऊन विमा कंपनी गाठावी आणि पॉलिसी आपल्या नावे करून घ्यावी. गाडी पत्नी, मुलं किंवा आईवडिलांकडे गेली असेल, तर मृत मालकाने साठवलेला नो क्लेम बोनसही त्यांना मिळू शकतो. तो आवर्जून मागावा, कारण एरवी गाडी विकली तर तो नव्या मालकाकडे जात नाही.

आरटीओत नमुना 31 सोबत आरसी, मृत्यूचा दाखला, चालू विमा आणि पीयूसी लागतं. स्कूटर मुलाच्या नावे करायची, तर आई आणि बहिणीची नाहरकत प्रतिज्ञापत्रावर द्यावी लागते. कागद अडतो तो बहुधा इथेच. बहीण परगावी असेल तर तिची सही आधीच मागवून ठेवलेली बरी. गाडीवर कर्जाचा बोजा असेल, तर बँकेची संमतीही हवी.

गाडी विकायचीच असेल, तरी वारसाच्या नावावर आधी चढवावी लागते. काही जण खरेदीदाराशी परस्पर व्यवहार उरकतात आणि नमुना 29, 30 वर वडिलांची सही स्वतःच ठोकून देतात. मेलेल्या माणसाची सही हा सरळसरळ बनाव आहे. त्यात वारस आणि खरेदीदार दोघेही गुंततात.

2021 पासून मालकाला आरसीवर वारस म्हणून नामनिर्देशन करता येतं, तेही नोंदणीनंतर कधीही. ते केलेलं असेल तर गाडी नामनिर्देशिताच्या नावावर करण्याचा अर्ज थेट त्यालाच करता येतो. 30 दिवसांची खबर आणि तीन महिन्यांची मुदत मात्र त्यालाही पाळावीच लागते.