शिधापत्रिकेची छाननी आणि दोन चुका

नोव्हेंबर 2024 मध्ये कर्नाटकात दारिद्र्यरेषेखालील शिधापत्रिकांची छाननी झाली. आपली पत्रिका रद्द झाल्याचे अनेक कुटुंबांना थेट रास्त भाव दुकानातच कळले. गदारोळ उठल्यावर, सरकारी नोकर व प्राप्तिकर भरणारे वगळता इतरांच्या पत्रिका पूर्ववत करण्याचे सरकारने जाहीर केले.

दोष केवळ घाईचा नव्हता. या पत्रिकेसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा 1 लाख 20 हजार रुपये, म्हणजे दरमहा दहा हजार. बेंगळुरूतील किमान वेतनच त्याहून अधिक आहे. त्यामुळे तयार कपड्यांच्या कारखान्यात राबणारी, घरातील एकटी कमावती स्त्री कागदोपत्री अपात्र ठरते. कारण तिचा पगार बँकेत जमा होतो. तिच्याकडून रोखीने भाडे घेणाऱ्या घरमालकाचे उत्पन्न मात्र कोठेच नोंदले जात नाही आणि तो पात्र राहू शकतो. कर्जासाठी विवरणपत्र भरणारा फेरीवाला, कर शून्य असूनही, करदाता समजला जाण्याचा धोका असतो. अशी छाननी गरिबी मोजत नाही, नोंद मोजते.

दोन्ही चुका सारख्या नाहीत. अपात्राला मिळालेल्या धान्याची किंमत नंतर वसूल करता येते. गरिबाच्या घरी न पेटलेल्या चुलीची भरपाई होत नाही. म्हणून आधी नोटीस, मग सुनावणी, आणि निर्णय होईपर्यंत धान्य चालू, हाच क्रम हवा. छाननीच्या अहवालात किती अपात्र वगळले याशेजारी किती पत्रिका परत द्याव्या लागल्या, हा आकडाही छापला जावा.