काकूंची वही आणि चौतीस कलमांची यादी

पुण्यात कोथरूडमधली एक घरगुती मेस डोळ्यांसमोर आणू या. चालवणाऱ्या बाईंना सगळे काकूच म्हणतात. रोज दुपारी ऐंशी डबे जातात. ओट्याशेजारी दोनशेपानी वही, तिला दोरीने बांधलेलं पेन आणि सकाळभर वाजणारा फोन, एवढं त्यांचं ऑफिस. कुणी रात्री अकराला व्हॉट्सॲपवर कळवतो, “काकू, उद्या माझा खाडा धरा.” कुणी डबा भरून झाल्यावर फोन करतो, तर कुणी डबा पोचवणाऱ्या मुलालाच जिन्यात सांगून मोकळा होतो. मग महिनाअखेरीस ठरलेला संवाद: “काकू, माझे सहा खाडे होते, तुम्ही चारच धरलेत.” मेस काल्पनिक आहे, पण शिक्षणासाठी पुण्यात राहिलेल्या कुणालाही ती अनोळखी वाटणार नाही.

इथेच जेवणारे दोन तरुण इंजिनिअर एके दिवशी काकूंसाठी ॲप करायचं मनावर घेतात. रविवारी दुपारी कागद घेऊन बसतात आणि चहा संपेपर्यंत यादी चौतीस कलमांवर जाते. मोबाइलवर ओटीपी येऊन लॉगिन, ऑनलाइन पैसे, आठवड्याचा मेनू, डबा कुठवर आला ते नकाशावर, भाजीला तारे देण्याची सोय, जेवणातल्या कॅलरी, मित्राला आणल्यास सवलत, तीन भाषा, डार्क मोड. यातलं एकही कलम मूर्खपणाचं नाही, आणि खरी पंचाईत हीच आहे. वाईट कल्पना खोडायला कुणाचा हात अडखळत नाही. इथे खोडायच्या आहेत त्या चांगल्या कल्पना.

सॉफ्टवेअरच्या धंद्यात या खोडाखोडीतून उरणाऱ्या वस्तूला ‘मिनिमम व्हायेबल प्रॉडक्ट’, थोडक्यात एमव्हीपी म्हणतात. हा शब्दप्रयोग २००१ मध्ये फ्रँक रॉबिन्सन यांनी केला आणि एरिक रीस यांच्या २०११ मधल्या ‘द लीन स्टार्टअप’ या पुस्तकाने तो सर्वतोमुखी केला. कमीत कमी, पण कामाला येईल असं उत्पादन, असा त्याचा साधा अर्थ. ते बांधायला घेण्याआधी काय करायचं आणि काय करायचं नाही हे जिथे लिहून ठेवतात, ती स्कोपची यादी.

खोडण्याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण बहुतेकांच्या खिशातच आहे. केव्हिन सिस्ट्रॉम यांनी २०१० मध्ये ‘बर्बन’ नावाचं ॲप केलं होतं. आपण कुठे आहोत ते त्यात कळवता यायचं, पुढचे बेत आखता यायचे, मित्रांबरोबर फिरल्याचे गुण मिळायचे आणि फोटोही टाकता यायचे. पसारा मोठा होता. सिस्ट्रॉम आणि त्यांचे भागीदार माइक क्रीगर यांनी पाहिलं, तर लोक बाकी सगळं सोडून फोटोच टाकत होते. दोघांनी फोटो, त्यावरची प्रतिक्रिया आणि ‘लाइक’ एवढंच ठेवलं, फोटो सुंदर दिसावा म्हणून फिल्टर दिले आणि ६ ऑक्टोबर २०१० रोजी ते नव्या नावाने बाजारात आणलं: इन्स्टाग्राम. पहिल्याच दिवशी सुमारे पंचवीस हजार लोकांनी नावं नोंदवली.

या गोष्टीतली एक बाब सांगताना सहसा निसटते. सिस्ट्रॉम आणि क्रीगर यांच्याकडे खोडण्यासाठी पुरावा होता, कारण जुनं ॲप लोकांच्या हातात होतं आणि ते काय वापरतात हे दिसत होतं. आपल्या दोघा इंजिनिअरांकडे तसलं काही नाही. त्यांच्यासाठी पुरावा एकाच ठिकाणी आहे, तो म्हणजे काकूंच्या वहीत. म्हणून पहिलं काम लॅपटॉपवरचं नाही. दोन-तीन दिवस सकाळी ओट्याजवळ बसायचं, कोण काय कळवतं, काकू काय लिहितात आणि काय लिहायचं राहून जातं ते बघायचं.

त्यानंतर यादीच्या डोक्यावर एक वाक्य येतं, आणि बाकी सगळी कलमं त्या वाक्यासमोर उभी करायची. ते असं असू शकेल: “उद्या दुपारी किती डबे भरायचे ते काकूंना रात्रीच कळावं आणि महिनाअखेरीस खाड्यांवरून वाद होऊ नये.” या वाक्यात काकू आहेत, ग्राहकाची करमणूक नाही. पहिला वापरणारा कोण, हे इथेच ठरून जातं. ‘पुण्यातल्या सगळ्या मेसचालकांसाठी’ असं लिहिलं की खोडायला जागाच उरत नाही, कारण कुणाला ना कुणाला प्रत्येक गोष्ट हवीच असते.

आता प्रत्येक कलमाला दोन प्रश्न विचारायचे. हे पहिल्या दिवशी नसेल तर वरच्या वाक्यातलं काम अडतं का? आणि अडत असेल, तर ते काही आठवडे माणसाने हाताने केलं तर चालेल का?

भाजीला तारे पहिल्याच प्रश्नाला गळतात. ऐंशी ग्राहकांपैकी कुणाला वांगं चालत नाही, हे काकूंना पाठ आहे. नकाशाही गळतो, कारण डबे रोज त्याच मुलाच्या सायकलवरून त्याच गल्ल्यांतून जातात. ऑनलाइन पैशांवर मात्र दोघांमध्ये वाजतं. एकाला पैशांशिवाय ॲप म्हणजे खेळणं वाटतं. पण काकूंच्या दाराशी यूपीआयचा क्यूआर कोड लावलेला आहे, महिन्यातून एकदा पैसे येतात आणि त्यात आजवर कधी अडचण आलेली नाही. अडचण हिशोबात आहे, पैसे पोचण्यात नाही. कलम बाजूला.

ओटीपीचं प्रकरण जास्त शिकवून जाणारं आहे. यादीत तो एका ओळीचा दिसतो. प्रत्यक्षात भारतात व्यवसायाच्या नावाने एसएमएस पाठवायचा तर डीएलटी यंत्रणेत आधी नोंदणी लागते, पाठवणाऱ्याचं नाव आणि संदेशाचा मजकूरही मंजूर करून घ्यावा लागतो, आणि मग प्रत्येक संदेशाचे पैसे वेगळे. यादीतल्या ओळी सारख्या लांबीच्या दिसतात, कामं नसतात. इथे तोड अशी निघते की प्रत्येक ग्राहकाला त्याच्या नावाची एक वेगळी लिंक व्हॉट्सॲपवर पाठवायची. ती उघडली की त्याचं पान दिसतं, लॉगिन नाहीच. लिंक मित्राच्या हाती लागली तर तो गंमत म्हणून खाडा टाकेल, हा धोका आहे. एका जेवणापुरता तो पत्करता येतो. बँकेच्या किंवा दवाखान्याच्या ॲपमध्ये असली काटछाट कुणी करू नये.

‘हाताने’ या रकान्याची नव्या लोकांना लाज वाटते, पण त्याला मोठी परंपरा आहे. निक स्विनमर्न यांनी १९९९ मध्ये बूट ऑनलाइन विकायचं ठरवलं तेव्हा गोदाम घेतलं नाही, माल भरला नाही. दुकानांत जाऊन बुटांचे फोटो काढले, वेबसाइटवर लावले आणि ऑर्डर आली की दुकानातून बूट विकत घेऊन पाठवले. लोक न घालून बघता बूट घेतात की नाही, एवढंच त्यांना जाणून घ्यायचं होतं. त्यातूनच झॅपोस ही कंपनी उभी राहिली. काकूंच्या बाबतीत रात्री नऊनंतर उद्याची यादी त्यांच्या व्हॉट्सॲपवर जायला हवी. ती आपोआप पाठवण्याची यंत्रणा न बांधता दोघांपैकी एकाने रोज उचलून पाठवली, तर पाच मिनिटांचं काम आहे. एका मेसला हे पुरतं, पाच मेस झाल्या की नाही. म्हणून त्या कलमापुढे लिहून ठेवायचं: ‘दुसरी मेस आली की बांधणे.’ अशी अट न लिहिलेला ‘नंतर’चा रकाना लवकरच अडगळीची खोली होतो.

चाळणी संपते तेव्हा चौतीसपैकी तीन कलमं उरतात: ग्राहकाने खाडा टाकणं, उद्याच्या डब्यांचा आकडा आणि महिन्याच्या खाड्यांचा हिशोब. सात ‘हाताने’मध्ये जातात, चोवीस ‘आत्ता नको’मध्ये. पण ओट्याजवळ बसल्यामुळे यादीत मुळात नसलेली दोन कलमं आत येतात. मेसमध्ये जेवणारे एक आजोबा साधा फोन वापरतात आणि ते फोनच करणार. तेव्हा काकूंना दुसऱ्याच्या नावावर खाडा टाकता आणि काढता आला पाहिजे. दुसरं, कुठली नोंद कोणी आणि किती वाजता केली हे दिसलं पाहिजे, नाहीतर “सहा होते, चारच धरलेत” हा वाद वहीतून उठून फोनवर येईल, एवढंच. अशी रुक्ष कलमं उत्साहात सुचत नाहीत आणि ‘कमीत कमी’च्या नादात सुचलेलीही उडवली जातात. मग ॲप लहान होतं खरं, पण कामाला येत नाही.

उरलेलं कलमही जसंच्या तसं ठेवून भागत नाही. ‘खाडा व्यवस्थापन’ असं लिहिलं तर त्या दोन शब्दांत महिन्याभराचं काम दडून बसतं. कारण कुठे सलग तीन दिवस नसेल तरच खाडा धरतात, कुठे सणाच्या जेवणाचा धरत नाहीत. म्हणून ते असं लिहायचं: “ग्राहकाला रात्री नऊपर्यंत उद्या दुपारचा खाडा टाकता येईल. नऊनंतर बटण दिसणार नाही, ‘काकूंना फोन करा’ एवढंच दिसेल. पैसे किती वजा करायचे ते काकू ठरवतील.” या ओळी वाचून काम झालं की नाही हे काकूसुद्धा तपासू शकतात. आकड्याचंही तसंच. नुसते ‘अडुसष्ट’ सांगून उपयोग नाही, त्यातले पूर्ण डबे किती आणि हाफ किती हे कळल्याशिवाय कणीक किती भिजवायची ते ठरत नाही.

यादी पुन्हा फुगायला लागली आहे, हे ओळखायला फार डोकं लागत नाही. बोलण्यात ‘हे पण टाकून देऊ, दोन तासांचं काम आहे’ असं येऊ लागतं आणि ‘आत्ता नको’च्या रकान्यात आठवडाभर काहीच नवीन पडत नाही. त्यावर एक रोखठोक उपाय आहे. मुदत आधी ठरवायची, समजा सहा आठवडे, आणि ती हलवायची नाही. नवं कलम आत घ्यायचं असेल तर तेवढ्याच कामाचं जुनं बाहेर काढायचं.

कुणी तरी विचारतंच, “लोक म्हणणार नाहीत का, एवढंही नाही यात?” म्हणतात. २००७ च्या पहिल्या आयफोनमध्ये मजकूर कॉपी-पेस्ट करता येत नव्हता. लोकांनी नावं ठेवली, फोन घेतला, आणि ती सोय २००९ मध्ये आली. इन्स्टाग्रामवर व्हिडिओ टाकता येऊ लागला तो जून २०१३ मध्ये, सुरुवातीनंतर जवळपास पावणेतीन वर्षांनी.

काकूंच्या ॲपची परीक्षा त्याहून सोपी आहे. पहिला महिना वही आणि ॲप दोन्ही चालू ठेवायचे. महिना संपला की दोन्हीकडचे खाडे ताडून बघायचे, आणि पुढच्या महिन्यात काकू वहीला हात लावतात का ते बघायचं. लावत असतील, तर त्या वहीत नेमकं काय लिहितात ते पानच पुढच्या यादीचं पहिलं कलम.