कौलारू दवाखान्यातली व्हिडिओ-खोली

रत्नागिरीतल्या जुन्या कौलारू घरात दवाखाना असेल, तर मधल्या भिंती बहुधा आढ्यापर्यंत जात नाहीत. दार लावलं तरी आवाज वरून बाहेरच्या बाकड्यावर पोचतो. म्हणून आधी व्हिडिओ-खोलीला छत घालून ती फट बंद करावी. पडद्याने आवाज अडत नाही. मग एकाने आत नेहमीच्या आवाजात आकडे वाचावेत, दुसऱ्याने बाकड्यावर बसून ऐकावेत. आकडे कळले, तर खोली खासगी नाही. डॉक्टरांनी हेडफोन लावला, की निदान रुग्णाचं बोलणं बाहेर जात नाही.

ॲपमधली प्रतीक्षा-खोलीही चालू ठेवावी, नाहीतर पुढचा रुग्ण थेट चालू संभाषणात शिरू शकतो. संमतीचंही बघावं: २०२०च्या केंद्रीय टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांनुसार रुग्णाने स्वतः कॉल केला, तर त्याची संमती गृहीत असते. दवाखान्याने केला, तर ती स्पष्ट घेऊन नोंदवावी लागते.